कॅमेऱ्यामागची पारू

सुगंधाच्या घरात चैत्रातही पंखा बंद होता. बाहेर बोईसरचं ऊन पत्र्यावर लाह्या फोडत होतं, कुंभवलीच्या बाजूनं कारखान्यांचा आंबूस वास येत होता, आणि आत तिची आई रंभाबाई पदरानं वारा घेत म्हणत होती, "लेकी, पंखा काय नुसता देवासारखा पाहायला लावलाय का गं?"

"आई, पंखा लावला की फिल्म उडून जाईल."

ते खरंच होतं. खोलीभर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या बांधल्या होत्या, आणि दोऱ्यांवर कपड्यांच्या चिमट्यांनी कागदाच्या पट्ट्या लटकवल्या होत्या. एकेका पट्टीवर कुणाचं तरी बोलणं. कडेला कॅसेटचा क्रमांक आणि ते बोलणं कुठं सुरू होतं, कुठं संपतं त्याची वेळ. लाल रेघ म्हणजे माणसाचं बोलणं, हिरवी म्हणजे गाणं, आणि नुसता कोरा तुकडा म्हणजे चित्र: चूल, बैल, रस्ता, हात. वडील नागोराव पाळीवरून आले की दोऱ्यांखालून वाकून मोरीकडे जात आणि म्हणत, "आमच्या परभणीत लग्नाला अशा पताका लावतात. नवरा कुठाय?"

नवरा म्हणजे फिल्म. तीच अजून मांडवात आली नव्हती.

वाणगावच्या पुढं, डोंगराच्या कडेला एक पाडा आहे. पावसाच्या पाण्यावर थोडा भात, थोडी नागली पिकते. भात झोडून झाला की निम्मी घरं दारं लावून वीटभट्ट्यांवर जातात, आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. त्या पाड्याचं एक वर्ष सुगंधानं टिपलं होतं. पालघरच्या एका संस्थेनं पैसा उभा केला, मुंबईहून कॅमेरा आणि कॅमेरामन भाड्यानं आले, आणि वर्षभरात चार खेपा मिळून पन्नास तासांचं चित्रण झालं. शंभर कॅसेटी. त्यातून चाळीस मिनिटांची फिल्म काढायची होती.

मूळ कॅसेटी मुंबईत स्टुडिओच्या थंड कपाटात होत्या, कारण बोईसरच्या हवेत लोखंडही गंजतं, तर टेपचं काय. इथं घरी होत्या त्यांच्या साध्या व्हीएचएस कॉप्या. चित्राच्या खालच्या कडेला वेळेचे आकडे पळत राहायचे. पाणी वाहावं तसे ते आकडे वाहत होते, आणि नवसी त्यांच्या काठावर बसून लिहीत होती.

नवसी त्याच पाड्याची. आश्रमशाळेत शिकलेली, आता संस्थेच्या बालवाडीत शिकवणारी. पाड्याची बोली तिच्या पोटातली आणि अक्षर मोत्यांचं. टीव्हीसमोर बसायचं, ऐकायचं, थांबवायचं, लिहायचं, मागं घ्यायचं, पुन्हा ऐकायचं. माणूस जे बोलला ते तसंच्या तसं. समासात वेळ. सुगंधानं तिला आधीच सांगितलं होतं, "माझे प्रश्न लिहीत बसू नकोस गं. ते फिल्ममध्ये नसणारच. फक्त उत्तरं."

मग ते सगळे कागद वाचून सुगंधानं बरोबरच्या खुणा केल्या होत्या. जे बोलणं जिवंत, जे चित्र सुंदर, ते वेगळं काढलं. दोन व्हीसीआर जोडून तेवढंच दुसऱ्या कॅसेटींवर उतरवलं. पन्नासाचे सहा तास झाले. सुपातून पाखडून तांदूळ वेगळा केल्यासारखे. आणि मग त्या निवडलेल्या बोलण्याचे कागद कात्रीनं कापून या दोऱ्यांवर आले होते. मुंबईतल्या स्टुडिओत तासावर भाडं. तिथं जाऊन विचार करायचा नसतो. आणि तिथं एका टेपवरून दुसऱ्या टेपवर चित्रामागं चित्र जोडत जायचं, एकदा जोडलं की मधेच काही घुसवता येत नाही. घुसवायचं म्हटलं तर पुढची सगळी वीण उसवून पुन्हा विणायची. म्हणून फिल्म आधी कागदावर उभी राहायला हवी. दोरीवरची पट्टी हवी तेव्हा हलवता येते.

पट्ट्या हलवून हलवून चिमट्यांचे दात झिजले. फिल्म काही उभी राहीना.

त्या दिवशी पालघरहून आत्मारामभाऊ आले. संस्थेचे प्रमुख, मनानं मोठे, आवाजानं त्याहून मोठे. त्यांना पाटावर बसवून सुगंधानं पहिल्या दोरीपासून वाचायला सुरुवात केली. नवसी घड्याळ बघत होती, कुठल्या बोलण्याला किती वेळ लागतो ते टिपायला.

"देवू," सुगंधा वाचत होती, "'पयली वीट पाडली ती मी घरी आनली.' मग चित्र, भट्टीचा धूर. मग मंगळी. 'कुलूप नाय. बोरीची काटी बांधली.' मग बंद दारं. मग भिकाबाबा. 'ती काय माझ्यासंगं बोलते? ती बैलासंगं बोलते.' मग..."

"थांब थांब," आत्मारामभाऊ म्हणाले. "कसली वीट? का आणली? कोण बैलाशी बोलतं?"

"ते... पुढं कळतं."

"कुठं पुढं?"

सुगंधानं दोऱ्यांकडं पाहिलं. पुढं कुठंच कळत नव्हतं. एकेक पट्टी गोड होती, पण ओवीचा पहिला चरण गाळून कुणी दुसराच म्हणत जावा, तसं सगळं अर्ध्यातून सुरू होत होतं.

आत्मारामभाऊंनी झोळीतून एक कागद काढला. "मी म्हणतच होतो. निवेदन लागणार. हे बघ, मी लिहून आणलंय. मुंबईत आकाशवाणीचे एक गृहस्थ आहेत, काय आवाज आहे! 'सह्याद्रीच्या हिरव्या कुशीत, निसर्गाच्या अंगाखांद्यावर...'"

"भाऊ, नको ना."

"का नको? मण्यांना दोरा नको?"

का नको ते सुगंधा सांगू शकत होती, पण भाऊंना ते माहीत होतं. चित्रण सुरू व्हायच्या आधी पाड्यावर बैठक बसली होती. म्हातारा भिका बिडी विझवून म्हणाला होता, "मागं एक फिलिम काढून नेली आमची. दाखवाया आनली, तर आमी नुसती तोंडा हालवतो, आन आवाज भलत्याचाच. मी म्हनला, मेलो काय रं मी? माझ्या तोंडून हा कोन बोलते?" सगळा पाडा हसला होता. मग भिका हसायचा थांबला आणि सुगंधाकडं बघत राहिला. आणि सुगंधानं सगळ्यांसमोर शब्द दिला होता, "बाबा, ह्या फिल्ममध्ये तुमच्याशिवाय कुणाचा आवाज नसेल. माझाही नाही." तेवढ्या एका शब्दावर पाड्यानं दारं उघडली होती.

"पुढच्या सोमवारी स्टुडिओ आहे," भाऊ उठताना मऊ आवाजात म्हणाले. "त्याआधी हे कागदावर उभं राहिलं तर मी माझा कागद खिशात घालीन. नाही राहिलं, तर निवेदन. शब्द मोडला असं नको मानूस, फिल्मच मोडण्यापेक्षा बरं."

ते गेल्यावर रंभाबाई म्हणाली, "चांगलं बोलतो बिचारा. पण त्याचं ते अंगाखांद्यावर ऐकून मला बाई झोपच आली."

नवसी तोंडावर हात ठेवून हसली. सुगंधाला हसू आलं नाही.

"कागद बघून बघून डोळे आंधळे झाले गं," ती म्हणाली. "चल, निवडलेलं सगळं एकदा सलग बघू. न थांबवता. लिहायचं नाही, बोलायचं नाही."

दोघी टीव्हीसमोर बसल्या. कॅसेट आत गेली. देवू, मंगळी, भिका, चिंधू, लाडकी. एकामागून एक चेहरे. इतके दिवस सुगंधानं ही माणसं तुकड्या-तुकड्यांनी पाहिली होती, अक्षरांतून ऐकली होती. आता ती नुसती येत होती आणि जात होती, सणाला दारावरून माणसं जावीत तशी.

तिसऱ्या चेहऱ्यापाशी ती पुढं सरकली. पाचव्यापाशी तिनं नवसीचा दंड धरला.

"नवसे, बघ. हा बघ. आता ही बघ."

देवू बोलायच्या आधी खाली, कॅमेऱ्याच्या डाव्या अंगाला बघत होता, आणि हसत होता. मंगळी बोलायच्या आधी तिथंच बघत होती आणि लटकं रागावत होती. भिकाबाबा तिथंच बघून हात झटकत होता. चिंधू तर चक्क कुणाला तरी मारायला हात उगारत होता आणि मगच बोलत होता. प्रत्येक माणूस तिथंच बघून पेटत होता, जसं एकाच निखाऱ्यावर सगळ्यांनी आपापली बिडी लावावी.

"मी तर उजव्या बाजूला बसायचे," सुगंधा म्हणाली. "डावीकडं कोण होतं?"

नवसीनं पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरली.

"पारू आते," ती म्हणाली.

पारू म्हणजे नवसीच्या बापाची बहीण. नवरा जाऊन वर्षं झाली, तेव्हापासून भावाच्या घरी. ती भट्टीवर जात नसे, पाड्याची मागं राहिलेली घरं, बकऱ्या, म्हातारी माणसं सांभाळत असे. सुगंधाला ती आठवत होती ती चहा देणारी, कोंबडी हाकलणारी, कॅमेऱ्याच्या तिपाईपाशी गुडघे पोटाशी घेऊन बसणारी. तिची मुलाखत घ्यायला गेलं की ती उठून पळायची. "मना काय विचारता, मी कुठं जाते नि येते!" पन्नास तासांत तिची एकही मुलाखत नव्हती.

"ती काय करायची तिथं?"

"विचारायची. तू विचारलास ना ताई, की 'स्थलांतराबद्दल तुम्हाला काय वाटतं', तर ते म्हणायचे 'बरा वाटते' आन गप बसायचे. मग आते विचारायची. मग ते बोलायचे."

"आणि तू ते लिहिलं नाहीस?"

"तूच बोललीस, प्रश्न लिहू नको."

"माझे गं! माझे!"

"आन ती घरची," नवसी अजिजीनं म्हणाली. "पंगतीत पानं मोजताना घरची बाई मोजते काय कोन? तुमी पाव्हणे, ते सांगनारे मोठे, आन ती मधी मधी टवाळी करायची. मला लाज वाटली. लोक म्हनतील, नवसीची आते लई तोंडाची. म्हनून मी तिचं पानच नाय मांडला."

सुगंधानं टेप मागं घेतली, आवाज वाढवला आणि कान टीव्हीला लावला. देवूच्या हसण्याच्या आधी, लांबून, विहिरीतून यावं तसं काहीतरी होतं. बाईचा आवाज. शब्द कळत नव्हता.

"माइक देवूच्या छातीवर होता," ती म्हणाली. "आतेचा आवाज त्यात कुठून येणार? गेलं सगळं." आणि मग, "नाही. थांब. दोन ट्रॅक असतात. एकावर छातीवरचा माइक. दुसऱ्यावर कॅमेऱ्याच्या डोक्यावरचा. आणि आते तर कॅमेऱ्याच्या पायाशी!"

चपला घालता घालता ती दारात अडखळली, चार पट्ट्या खाली पडल्या, रंभाबाई ओरडली, आणि दोघी बाजाराच्या वाटेला लागल्या, एसटीडी बूथकडं.

बाजाराचा दिवस होता. सुकट, मिरच्या, प्लॅस्टिकच्या बादल्या, "देखो भैया, देखो भाभी" करत ओरडणारे विक्रेते. आणि त्या सगळ्यांच्या मधे, बूथच्या सावलीला, पळसाच्या पानाचे द्रोण मांडून करवंदं विकत बसलेली पारूच दिसली. गुडघ्यापर्यंत लुगडं, डोक्यात तांबडं फूल.

"आते!" नवसीनं तिला हाताला धरून उठवलं. "चल, फोनवर बोलाया."

"माझा कोन हाय फोनवर? करवंदा कोन बघंल?"

"मी बघते," शेजारची सुकटवाली म्हणाली. "जा गं, कोन मेला असंल तर रड, नायतर हास."

बूथच्या काचेच्या खोक्यात तिघी मावत नव्हत्या, तरी मावल्या. स्टुडिओत एकनाथनं फोन घेतला. कॉप्या त्यानंच काढल्या होत्या.

"दुसरा ट्रॅक?" तो म्हणाला. "आहे ना. कॅमेऱ्याचा माइक. पण मॅडम, कॉप्यांवर मी मुद्दाम पहिलाच घेतला. दुसऱ्यावर कोणीतरी बाई सारखी बडबडत होती. म्हटलं, कशाला डोक्याला ताप."

सुगंधानं डोळे मिटले. "एकनाथ, तू देव आहेस. आणि गाढव आहेस. कॅसेट काढ. देवूवाली. दुसरा ट्रॅक लाव आणि रिसीव्हर स्पीकरला धर."

खडखड झाली, कुठंतरी दारं उघडली, मिटली. मग तारेवरून, शहरं ओलांडून, पाड्याचा कोंबडा आरवला. आणि त्याच्या मागोमाग आवाज आला, स्वच्छ, खणखणीत:

"देवू, भट्टीवरून पैसा आनला, कापड आनला, आन अजून काय आनलास ते सांग की! लाजते कसा बघा. बायको बसली हाय तुझी इथं, खोटा नको सांगू!"

आणि लांबून, देवूचं हसू. "पयली वीट पाडली ती मी घरी आनली. बायको म्हनली, ही काय भाजी हाय का? मंग ती चुलीला लावली."

सुगंधानं रिसीव्हर पारूच्या कानाला लावला. पारू ऐकत राहिली. तिच्या भुवया हळूहळू वर गेल्या.

"ही कोन गं बया? किती बोलते!"

"तूच आते."

"मी?" तिनं पुन्हा ऐकलं. "मी नाय. माझा आवाज काय असा हाय, कावळ्यासारखा?" आणि मग खोक्यातच तिला हसू कोसळलं, बाहेर ताटकळलेली माणसं काचेवर टिचक्या मारेपर्यंत.

करवंदांपाशी परत आल्यावर सुगंधानं तिला सगळं सांगितलं. फिल्म तिच्या विचारण्यावर उभी राहू शकते. पण ती नाही म्हणाली तर नाही. तिला न सांगता टिपलेला तो आवाज होता.

पारूनं एक द्रोण सारखा केला. "माझा तोंड कुठं दिसते?"

"कुठंच नाही. तू मागंच होतीस ना. नुसता आवाज."

"नुसता आवाज म्हंजे भूत. पाड्यातली पोरा म्हनतील, पारू मेली आन फिलिममदी शिरली." तिनं मान हलवली. "एक डाव तरी मना दाखव. एकच. मंग घे सगळा."

"आते, आता पुन्हा कॅमेरा कुठून आणू?"

"पन्नास तास काडला ना? पन्नास तासांत मी एकदा बी फिरली नसन तुज्या कॅमेऱ्याफुडून?"

त्यानंतर घरात जे सुरू झालं त्याला नागोराव 'दुसरं लग्न' म्हणत. नवसी पुन्हा टीव्हीपाशी बसली. एकनाथनं निवडलेल्या भागांच्या दुसऱ्या ट्रॅकच्या कॅसेटी रेल्वेनं बोईसरला येणाऱ्या माणसाबरोबर पाठवल्या, आणि तिनं आतेचं पान मांडलं. प्रत्येक प्रश्न, प्रत्येक टोमणा, वेळेसकट. पारूच्या पट्ट्यांना रंगच उरला नव्हता, म्हणून रंभाबाईनं हळद कालवून दिली. पिवळ्या कडेच्या पट्ट्या.

सगळ्याच कामाच्या नव्हत्या. जिथं पारू आणि समोरचा एकदम बोलले होते, तिथं कात्री चालत नाही. एकाला कापलं तर दुसरा रक्तबंबाळ होतो. काही ठिकाणी कुत्रा तिच्याहून जोरात बोलला होता. पण जिथं तिनं विचारलं होतं, मग क्षणभर थांबली होती, आणि मग उत्तर आलं होतं, तिथं पट्टी पट्टीला अशी बसली जसा जात्याचा खालचा दगड वरच्या दगडाला. सुगंधा बोलण्यांची जुळणी करत गेली, मधल्या जोडांवर हातांची, चुलीची, दारांची चित्रं ठेवत गेली, आणि तिला दिसलं की तिनं पूर्वी लावलेला क्रम चुकीचाच होता. तिनं कामाप्रमाणे लावलं होतं: शेती, भट्टी, घर. पारूच्या विचारण्याला स्वतःचीच चाल होती. ती आधी दाराचं विचारायची, मग चुलीचं, मग जनावरांचं, मग माणसाचं. निघताना घर ज्या क्रमानं मागं पडतं, तोच क्रम.

"मंगळे, जाताना दाराला काय बांधलास?" आणि मंगळी: "कुलूप नाय. बोरीची काटी बांधली." "चोरासाटी?" "चोर काय नेल? बकरीसाटी!"

"भिकाबाबा, तुमी भट्टीवर गेलाव तं म्हातारी मागं कुनाशी बोलते?" आणि भिका: "इथं असला तरी ती काय माझ्यासंगं बोलते? ती बैलासंगं बोलते. बैल उत्तर देत नाय, म्हनून तिला आवडते."

मधेच एके ठिकाणी पारूनं विचारलं काहीच नव्हतं. भात गाडीत भरला जात असताना ती कॅमेऱ्याच्या पायाशी आपलीच गुणगुणत होती, आणि दुसऱ्या ट्रॅकनं तेही धरून ठेवलं होतं:

भात झोडला झोडला, पेंढा राहिला खळ्यात
दाना निघाला गावाला, दोरी बांधून गळ्यात

त्या पट्टीला नवसीनं हिरवी रेघही ओढली आणि पिवळीही.

राहिला होता तो चेहरा. नवसी उरलेले तास टेप पळवत पुन्हा चाळत होती, निवडलेले नव्हे, टाकलेले. पारूची पाठ सापडली. पारूचा हात चहाच्या कपाला सापडला. एका चित्रात पारूची अर्धी वेणी. रविवारी दुपारी नवसी ओरडली तेव्हा रंभाबाईच्या हातातलं तांदळाचं ताट हललं.

चित्रण संपवून कॅमेरामननं कॅमेरा खाटेवर ठेवला होता आणि बंद करायला विसरला होता. नवसीच्याच जुन्या कागदावर 'वाया' असं लिहून पुढं काट मारलेली होती. आडवं झालेलं अंगण, आडवी कोंबडी, कुणाचे तरी पाय. मग एक पदर आला. मग पारूचा चेहरा, आडवा, अगदी जवळ, भिंगात डोकावणारा. उन्हानं रापलेला, सगळ्या सुरकुत्यांतून हसू भरलेला. ती कॅमेऱ्यालाच विचारत होती, पाहुण्याला विचारावं तसं:

"काय रं, दमलास काय?"

त्याच संध्याकाळी आत्मारामभाऊ आले. सोमवार उद्यावर होता. या वेळी सुगंधानं एकटीनं वाचलं नाही. पारूचं नवसीनं वाचलं, आपल्या आतेच्या ठसक्यात, न लाजता. बाकीच्यांचं सुगंधानं. भाऊ पहिल्या दोरीपाशी पाठ ताठ करून बसले होते. मंगळीच्या बकरीपाशी हसले. भिकाच्या बैलापाशी त्यांनी मांडीवर थाप मारली. नागोराव मोरीकडं जायचे ते दोऱ्यांच्या मधेच वाकलेले उभे राहिले.

तिसऱ्या दोरीच्या शेवटाला नवसीनं वाचलं, "सगळी गेलाव, तं मागं घरात काय ठेवलाव गं, लाडके?"

सुगंधा लाडकीची पट्टी उचलणार, तेवढ्यात कोपऱ्यातून उत्तर आलं.

"जातं," रंभाबाई म्हणाली. ताटातल्या तांदळात तिची बोटं थांबली होती. "जड होतं, आणता आलं नाही. सासूचं होतं. इकडं यायचं ठरलं तेव्हा त्याच्यावर पालथं सूप घातलं नि आले. वीस वर्षं झाली. असंल अजून तिथंच."

नागोरावांनी एक दोरी हातानं वर धरली आणि ती सोडायचं विसरले.

"आई," सुगंधा हळूच म्हणाली, "हे मला कधी सांगितलं नाहीस."

"तू कधी विचारलंस?" रंभाबाई म्हणाली, आणि लगेच खडा सापडल्यासारखं ताटात बघू लागली. "वाच गं नवसे पुढं. लाडकीनं काय ठेवलं?"

"लाडकी म्हनते," नवसीनं सुगंधाच्या हातातली पट्टी बघून वाचलं, "'उंदीर! ते कुठं येतात भट्टीवर!'"

मग जे हसू फुटलं त्यात आत्मारामभाऊंचा आवाज सगळ्यांच्या वर होता. हसून झाल्यावर त्यांनी डोळे पुसले, आणि दोऱ्यांवरून शेवटपर्यंत नजर फिरवली.

"किती झाली?"

"बेचाळीस मिनिटं," नवसी म्हणाली. "दोन कमी करायची हायत."

"उंदीर कापू नका." त्यांनी झोळीत हात घातला आणि आपला कागद काढला. सुगंधा हातातली पट्टी ठेवून पुढं झाली.

"भाऊ..."

"निदान सुरुवातीला दोन ओळी?" ते म्हणाले. पण म्हणता म्हणताच त्यांनी स्वतःच मान हलवली. "नाही. पहिलं वाक्य कुणाचं आहे तुझ्या फिल्ममध्ये?"

"पारूचं. 'दार उघडा की, ऊन दारात येऊन बसला नि तुमी निजलाव!' बंद दारावर."

"मग तिच्या आधी मी कशाला दारात उभा राहू." त्यांनी कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती. "शेवटाची पट्टी कुठाय? शेवटी काय आहे?"

"कापायची राहिलीय. कागद संपले."

"हा घे. जाड आहे, चांगला."

रंभाबाईनं कात्री पुढं केली. सह्याद्रीच्या हिरव्या कुशीतून कात्री सरळ गेली. सुगंधानं पट्टी गुडघ्यावर घेऊन कोऱ्या बाजूला लिहिलं: चित्र, आडवं अंगण. पारूचा चेहरा. तिचं विचारणं. मग काळं होण्याआधी थोडी जागा.

"थोडी म्हणजे किती?" नवसीनं घड्याळ हातात घेत विचारलं.

"बघणाऱ्याला उत्तर द्यावंसं वाटेल इतकी," सुगंधा म्हणाली, आणि पट्टी शेवटच्या दोरीला लावण्यासाठी चिमटा शोधू लागली.